काळ्या पावतीतून आलेला आकडा

फोंड्यातील आमच्या गृहनिर्माण सोसायटीत 32 सदनिका आहेत आणि खजिनदार या नात्याने देखभाल शुल्काचा हिशेब माझ्याकडे असतो. रहिवासी व्हॉट्सॲपवर पावतीचा स्क्रीनशॉट पाठवतात. या पावत्या एकेक करून वाचण्याचा कंटाळा आल्यामुळे मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक चित्र प्रतिमा वाचणाऱ्या एआय मॉडेलकडे पाठवतो आणि रक्कम, वेळ व यूपीआयचा 12 अंकी संदर्भ क्रमांक तक्त्यात भरतो. काही महिने हे सुरळीत चालले. मग एकदा बँकेच्या खातेउताऱ्याशी ताळा करताना तळमजल्यावरच्या काकांच्या नावासमोरचा क्रमांक उताऱ्यात कुठेच सापडेना.

त्यांनी पाठवलेले चित्र उघडले, तर वरच्या पट्टीत 10:47 ही वेळ व बॅटरीचे चिन्ह दिसत होते आणि खाली सगळे काळे होते. काकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मोबाइल स्क्रीनशॉट काढूच देत नव्हता, म्हणून भाच्याने तो लॅपटॉपला जोडून तिथून काढला. तुला दिसत नाही होय?" मला वाटले, चित्र फक्त गडद झाले असेल; म्हणून मी त्याची उजळता शेवटापर्यंत वाढवून पाहिली, पण काळ्याचे काळेच राहिले.

कारण अँड्रॉइडच्या रचनेत आहे. ॲप बनवणारा आपल्या खिडकीला `FLAG_SECURE` ही खूण लावू शकतो. फोनच्या पडद्यावर चित्र जुळवणारी यंत्रणा ती खिडकी नेहमीसारखी रंगवते. परंतु स्क्रीनशॉट, ध्वनिचित्रमुद्रण किंवा दुसऱ्या पडद्यावरचे प्रतिबिंब यांसाठी वेगळी प्रत तयार करताना त्या खिडकीच्या जागी काळा रंग भरते. बटणे दाबून स्क्रीनशॉट घेतल्यास फोन बहुधा सरळ नकार देतो, तर लॅपटॉपवर उमटणाऱ्या प्रतिबिंबात काळा चौकोन येतो. वरची पट्टी ही प्रणालीची स्वतंत्र खिडकी असल्याने ती मात्र दिसत राहते. अंधारात काढलेल्या छायाचित्रात फिकट का होईना, पण फरक नोंदलेले असतात आणि ते वाढवता येतात. इथे पावतीचे पिक्सेल त्या प्रतीत कधी आलेलेच नव्हते, प्रत्येक ठिकाणी शून्य होते, आणि शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच. मॉडेलला फाइलमधील पिक्सेलच मिळतात, त्यामुळे आपल्या डोळ्यांना न दिसणारे काही त्याला दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

मग तक्त्यात क्रमांक आला कुठून? हा दोष माझा होता. मॉडेलला दिलेल्या सूचनेत मी नमुना म्हणून 2,500 रुपयांची एक पावती व एक बनावट क्रमांक लिहिला होता आणि तिन्ही रकाने भरणे सक्तीचे केले होते. "दिसत नाही" असे नोंदवायला जागाच नव्हती. त्यामुळे माझाच नमुना परत आला, आणि वेळेच्या रकान्यात वरच्या पट्टीतली 10:47. काकांनी पैसे आदल्या दिवशी सायंकाळी भरले होते. रक्कम नेहमीचीच असल्याने नुसत्या नजरेने ही नोंद अगदी खरी वाटत होती. रकाना कोरा आला असता तर मी त्याच दिवशी चौकशी केली असती.

आता चित्र मॉडेलकडे जाण्याआधी मी वरचा व खालचा दहावा भाग कापून उरलेल्या भागातील सर्वांत गडद व सर्वांत उजळ मूल्य पाहतो:

```
from PIL import Image
im = Image.open("pavti.png").convert("L")
w, h = im.size
print(im.crop((0, h//10, w, h*9//10)).getextrema())
```

काकांच्या चित्राचे उत्तर `(0, 0)` आले. पट्टी न कापता तपासले असते तर घड्याळाच्या पांढऱ्या अक्षरांमुळे दुसरे मूल्य मोठे आले असते आणि चित्र ठीक समजले गेले असते. व्हॉट्सॲपवरून दाबून आलेल्या जेपीईजी चित्रात काळ्यातही एखादा किरकोळ आकडा शिल्लक राहू शकतो, म्हणून दोन मूल्यांतील अंतर 10 पेक्षा कमी असेल तरी मी चित्र बाजूला काढतो. सूचनेतून नमुन्याचे आकडे काढून टाकले आणि रकाना रिकामा ठेवण्याची मुभा दिली.

भाच्याने ही खूण चुकवण्याच्या युक्त्या सुचवल्या, पण त्यासाठी बँकेच्या ॲपची सुरक्षा ढिली करायला मी काकांना सांगणार नव्हतो. दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढून पाहिला, तर फोटोत उमटलेल्या रेघांमुळे 3 आणि 8 यांत गोंधळ होऊ लागला. अखेर काकांच्या ॲपमध्येच व्यवहाराच्या तपशिलाखाली पावती पाठवण्याचे बटण सापडले. तिथे पडद्याची नक्कल होत नाही. ॲप स्वतःच वेगळी फाइल बनवून देते, म्हणून त्या खुणेचा अडथळा येत नाही. ती फाइल आली, त्यातला क्रमांक खातेउताऱ्याशी जुळला आणि काकांची नोंद मी हाताने दुरुस्त केली.