डब्याच्या तळाचा क्रमांक

बाळांच्या वस्तू विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात तक्रारींची पत्रे माझ्याकडे येतात. त्या सकाळी आलेल्या एका ईमेलमध्ये दोन महिन्यांच्या बाळाच्या आईने लिहिले होते : "फॉर्म्युलाच्या डब्याचे प्लॅस्टिकचे झाकण काढल्यावर आतील फॉइल एका कडेला सुटलेले दिसले. मला पैसे परत नकोत. हा डबा तुम्ही कोणाकडून आणि कधी घेतलात, याचा बॅच क्रमांकासह पुरावा पाठवा."

अशा पत्राला तत्काळ परताव्याचे उत्तर देण्याची आमच्याकडे पद्धत आहे, पण ते उत्तर येथे पुरेसे नव्हते. फॉइल सुटले की हवा आणि ओल आत शिरते, भुकटीत कोणी काही मिसळले असण्याची शक्यताही नाकारता येत नाही आणि वास किंवा रंग पाहून त्याचा निर्वाळा देता येत नाही. म्हणून मी त्यांना प्रथम एवढेच कळवले की या डब्यातील दूध बाळाला देऊ नका, डबा फेकूही नका, झाकण लावून बाजूला ठेवा आणि फॉइलची कड व तळावरचा छापील मजकूर यांची स्पष्ट छायाचित्रे पाठवा. बाळाला ते दूध आधीच दिले गेले असेल, तर डॉक्टरांना तसे सांगा, हेही लिहिले.

छायाचित्रे आल्यावर खरे काम सुरू झाले. डब्यावरचा बारकोड फक्त उत्पादन ओळखतो. सर्व बॅचना तो एकच असतो. त्यामुळे "आम्ही हे उत्पादन अधिकृत वितरकाकडून घेतो" असे दाखवणारे बिल त्या आईच्या हातातील डब्याबद्दल काहीच सिद्ध करत नाही. सुदैवाने आमच्या वितरकाच्या बिलावर प्रत्येक ओळीत बॅच आणि मुदत छापलेली असते. मी त्या उत्पादनाची सर्व बिले तळावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिली. तो क्रमांक एकाही बिलात नव्हता.

मग तो डबा आमच्या गोदामात आला कुठून? परत आलेल्या मालाच्या नोंदींत उत्तर सापडले. एका ग्राहकाने परत केलेला डबा केवळ बारकोड तपासून पुन्हा विक्रीच्या फळीवर ठेवला गेला होता आणि त्या नोंदीला जोडलेल्या छायाचित्रात हाच बॅच क्रमांक होता. आमच्याकडून एक डबा घेऊन दुसराच परत केला गेला होता. माझ्या मते उघडता येण्याजोगा शिशुआहार परत आला, तर तो नष्टच करायला हवा. तो पुन्हा विकण्याचे कोणतेही समर्थन मला मान्य नाही.

उत्पादकाने तो क्रमांक खरा असल्याचे कळवले, परंतु क्रमांक खरा असला तरी सील शाबूत होते असे ठरत नाही. त्या आईला मी परत आलेल्या मालाची नोंद पाठवली आणि स्पष्ट लिहिले की या डब्याच्या खरेदीचा पुरावा आमच्याकडे नाही. डबा तपासणीसाठी मागवला आणि फळीवरचे परत आलेले इतर सर्व डबे त्याच दुपारी विक्रीतून काढून घेतले.