पिनकोड बरोबर, पुणेही बरोबर, तरी पार्सल परत

मी घरून सोलापुरी चादरी ऑनलाइन विकते. बहुतेक ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीच्या असतात. पार्सल आरटीओ झालं, म्हणजे परत माझ्याकडे आलं, की जायचं भाडं वाया जातं, यायचंही भरावं लागतं आणि तोवर माल वाटेतच अडकून पडतो. म्हणून एकदा परतीच्या पार्सलांची यादी उतरवून घेतली आणि एकेकाचा शेरा वाचायला बसले.

'ग्राहक उपलब्ध नाही' हा शेरा सगळ्यांत जास्त होता. पुण्याच्या एका ताईंच्या पार्सलवरही तोच. पण त्यांचाच मला फोन आला होता, "अहो, मी दिवसभर घरीच आहे, चादरी कुठे आहेत?" मग ट्रॅकिंगमध्ये शेरा सोडून पार्सल कोणत्या हबवर आहे ते पाहिलं. ते सिंहगड रस्त्याच्या बाजूला होतं आणि ताई नगर रस्त्यावर राहतात. पत्ता होता 'वडगाव, मारुती मंदिराजवळ, पुणे 411041'. हा पिन वडगाव बुद्रुकचा. ताईंचं वडगाव शेरी, त्याचा पिन 411014. शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. दोन्ही पिन पुण्याचेच, त्यामुळे शहराशी ताळा जुळला आणि ऑर्डर बिनबोभाट पुढे गेली.

कुरिअरला पत्ता बदलायला सांगितलं. फोन नंबर, खूण, तारीख बदलता येते, पिन नाही, असं उत्तर आलं. ते खरंच आहे. पार्सलची वाटणी पिनवर होते, एकदा उचललं की ते त्याच हबला जाणार. म्हणजे तपासणी करायची तर लेबल छापण्याआधीच.

आता फॉर्ममध्ये पिनकोड सर्वांत आधी विचारते. तो टाकला की त्याखालच्या भागांची नावं समोर येतात आणि गिऱ्हाइकाला त्यांतून आपला भाग निवडावा लागतो. 411041 टाकणाऱ्याला वडगाव शेरी दिसतच नाही, चूक तिथेच कळते. घर नंबर आणि जवळची खूण यांचे रकाने वेगळे केले, कारण नुसती खूण लिहून लोक पुढे जातात, आणि मारुतीचं देऊळ कुठल्या वडगावात नाही? खेड्यातल्या पत्त्याला तालुका सक्तीचा. शेवटी पूर्ण पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवते, उत्तर नाही आलं तर फोन करते, आणि तोही उचलला नाही तर लेबल छापत नाही.

पत्त्यामुळे परत येणारी पार्सलं आता क्वचितच दिसतात. 'घेण्यास नकार' मात्र यानं फारसा हटत नाही. दारात मन बदलणाऱ्याचा पत्ता अचूकच असतो. त्यासाठी मोठ्या ऑर्डरला थोडी रक्कम आगाऊ घ्यायला लागले आहे.