‘यू’ मागे लपलेले ‘तू’

रविवार, रात्री साडेदहा

कुपवाड एमआयडीसीत काम करणाऱ्या एका स्थळाशी गेले बारा दिवस अॅपवर माझे लिहिणे चालू आहे. त्यांचे शिक्षण आयटीआय, मशिनिस्ट. माझे इंग्रजीत एम. ए., आणि पुण्याच्या ऑफिसात दिवसभराचे बोलणेही इंग्रजीतच. बायोडेटातल्या शिक्षणाच्या रकान्यावरून आमच्या घरी आधीच कुरबूर झाली आहे. ती बाजूला ठेवून, माझ्या स्वतःच्या हातून काय झाले ते आज लिहून ठेवते.

पहिले चार दिवस मी सवयीने इंग्रजीत लिहीत होते. माझ्या चार ओळींना त्यांच्याकडून ‘येस’, ‘ओके’, ‘नाइस’ एवढेच उत्तर येई आणि यांना रस नसावा, असे मी ठरवूनही टाकले होते. मग एका रात्री मी फोन हातात धरून बसले असताना त्यांच्या नावाखाली ‘टायपिंग’ दिसले, थांबले, पुन्हा दिसले, आणि असे पाच मिनिटे चालल्यावर दोनच शब्द आले. ज्याला रस नसतो, तो इतका वेळ लिहून पुसत बसत नाही.

हे उमगल्यावर मी घाईने लिहिले, ‘तुला इंग्रजी जड जात असेल, तर आपण मराठीत बोलूया का?’ उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले: ‘चालेल. आपण म्हणाल तसे.’ त्यातले ‘आपण’ मला लागले, कारण ऑफिसात साहेबाला लिहावे तसे ते होते. इंग्रजीत आम्ही दोघेही एकमेकांना ‘यू’ म्हणत होतो, तेव्हा तू की तुम्ही हा प्रश्नच आला नव्हता. मराठीत उतरताना मात्र तो सोडवावा लागतो, आणि मी तो त्यांना न विचारता ‘तू’ म्हणून सोडवला होता. पुण्यात मित्रमंडळींत तू सहज चालते, पण त्यांची उणीव दाखवणाऱ्या वाक्यातच ते आल्यावर त्यातली जवळीक गेली आणि वरून बोलल्यासारखे झाले.

मी लगेच लिहिले, ‘काल मी न विचारता तू म्हटले आणि भाषा बदलायचे कारण तुमच्यावर ढकलले, हे माझे चुकले. घरातल्या गोष्टी मला मराठीतच नीट सांगता येतात, म्हणून मी मराठीत लिहीन. तुम्ही तुम्हाला हव्या त्या भाषेत लिहा.’ हे त्यांच्या समाधानासाठी लिहिलेले नव्हते. आजीच्या आजारपणाबद्दल मला इंग्रजीत खरोखरच लिहिता आले नसते. शेवटचे वाक्यही मी मुद्दाम ठेवले, कारण एखाद्याला सरावासाठी इंग्रजीच हवी असते, आणि त्याची एक चूक दिसताच समोरचा मुकाट्याने मराठीवर आला, तर ती चूक मोजली गेल्याचे त्याला बरोबर कळते.

त्यानंतर त्यांची उत्तरे वाढली. परवा त्यांनी कामातले सांगितले: कारखान्यात ते वापरतात तो व्हर्निअर 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजतो, त्याहून बारीक माप लागले की मायक्रोमीटर घ्यावा लागतो, आणि मशीनवरून नुकताच उतरलेला गरम जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मोजला, तर माप मोठे दाखवते, म्हणून तो थंड होऊ द्यावा लागतो. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी दोनदा विचारले आणि त्यांनी दोन्ही वेळा सारख्याच शांतपणे समजावले, ‘कळले का?’ असे एकदाही विचारले नाही. त्यांच्या जागी मी असते तर विचारले असते, हे मला ठाऊक आहे.

एक गोष्ट लिहिताना जड जाते. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या एका इंग्रजी वाक्याचा स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला होता आणि त्यावर सगळ्या हसल्या होत्या. आज तो काढायला गेले, तर मुदत उलटून गेल्याने सगळ्यांच्या फोनवरून तो निघेना. मग ग्रुपवर लिहिले की ते वाक्य विश्वासाने मला लिहिलेले होते, ते दाखवायला नको होते, आणि ज्यांनी जपून ठेवले असेल त्यांनी काढून टाकावे.

आज त्यांना महत्त्वाचे लिहिले. पुढच्या वर्षी मला दोन वर्षांसाठी जर्मनीला जावे लागण्याची शक्यता आहे. तिथे जोडीदारालाही नवी भाषा शिकावी लागेल, आयटीआयवर कोणते काम मिळेल हे आधी तपासावे लागेल. शिक्षणातले अंतर इथे खरोखर आड येऊ शकते, आणि ते न बोलता हळूहळू उत्तरे कमी करत जाणे मला पटेना, कारण तसे केले असते तर त्यांनी दोष आपल्या इंग्रजीला दिला असता. म्हणून सगळे सरळ लिहिले आणि विचारले, ‘तुम्हाला हे कसे वाटते?’

त्यांनी लिहिले आहे, ‘दोन दिवस द्या. कारखान्यातले एक जण तिकडे जाऊन आले आहेत, त्यांना विचारतो. आणि आता तू म्हटले तरी चालेल, पण मीही म्हणेन.’

मी हो कळवले आहे.