एका तक्त्यापायी किती पुस्तक नाकारायचं?

सांगली, गुरुवार रात्र

क्षारपड जमिनींवरच्या पुस्तकाचं परीक्षण शनिवारी संपादकांकडे पोचवायचं आहे. शब्दमर्यादा हजाराची. पुस्तकाचं नाव इथे लिहीत नाही, परीक्षण छापून येईपर्यंत ते योग्य नाही. लेखक निचऱ्याच्या कामातले अनुभवी अभियंते आहेत. चर्चासत्रांत आमची ओळख झालेली आहे, हे मी काम स्वीकारण्याआधीच संपादक बाईंना कळवलं होतं. त्या म्हणाल्या, "ओळखीची अडचण नाही. फक्त जे म्हणाल त्याला पान क्रमांक द्या."

विषय आमच्याच दारातला आहे. कृष्णा-वारणाकाठी उपसा योजनांचं पाणी आलं, उसाला पाट भरभरून पाणी देणं सुरू झालं, काळ्या जमिनीतून ते खाली उतरेना. भूजल वर आलं आणि त्याच्याबरोबर मीठही. वाळवा, पलूस, मिरज भागात "रानात मीठ फुटलंय" म्हणणारे शेतकरी आमच्या प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्या घेऊन रोज येतात. म्हणूनच या पुस्तकाबद्दल जरा जपून लिहायचं ठरवलं. ज्या विषयात आपण रोज बुडालेलो असतो, त्यात लेखकाच्या तोंडी आपलंच मत घालायला वेळ लागत नाही.

गोषवारा आधी लिहिला, आणि तो लिहीत असताना मत एका वेगळ्या कागदावर ठेवलं. पुस्तकाचा मुख्य दावा असा: जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा केला, तर पाणी आणि क्षार दोन्ही बाहेर पडतात आणि जमीन पुन्हा उसाला लागते. हे वाक्य मी असंच लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला खटकलं नसतं, पण लेखकावर अन्याय झाला असता. कारण दुसऱ्या प्रकरणात त्यांनी दोन अटी स्पष्ट घातल्यात. एक, पाईपचं पाणी सोडायला ओढा किंवा नाला शेताच्या पातळीपेक्षा पुरेसा खाली हवा. दुसरी, चोपण जमिनीत, म्हणजे जिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला आहे तिथे, नुसता निचरा पुरत नाही, जिप्समही लागतं. या अटी गाळल्या की दावा भडक होतो, आणि पुढे त्या भडक दाव्यावर टीका करणं फार सोपं जातं. मग मी असं लिहिलं: "पाण्याला बाहेर पडायला वाट असेल आणि जमीन चोपण नसेल, तर भूमिगत निचरा एकटाही पुरेसा ठरतो, असं लेखकाचं म्हणणं आहे. चोपण जमिनीत ते जिप्समची जोड आवश्यक मानतात." शब्द वाढले, पण हे वाचून लेखकाला "होय, मी हेच म्हटलंय" असं म्हणता यावं.

आता तिसरं प्रकरण. खरी पंचाईत तिथे आहे.

तिथे एका गावातल्या प्लॉटांचा तक्ता दिलाय. प्रत्येक प्लॉटच्या मातीची विद्युत वाहकता, जी मीठ जास्त तितकी जास्त येते, आणि पुढे शेरा: क्षारयुक्त किंवा सर्वसाधारण. सीमा धरली आहे ४ डेसिसायमन प्रति मीटर. आकडा चुकीचा नाही. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४ च्या पुस्तिकेपासून जगभर हाच धरला जातो. पण तो संपृक्त अर्काचा आकडा आहे. म्हणजे मातीत ती जेमतेम लगदा होईल इतकंच पाणी घालायचं, ते ओढून काढायचं आणि त्याची वाहकता मोजायची. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत रोजच्या कामाला ही पद्धत परवडत नाही. आपण एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून हलवतो आणि त्या द्रावणाची वाहकता घेतो. पाणी जास्त, मीठ तेवढंच, त्यामुळे आकडा पुष्कळ खाली येतो. म्हणूनच आपल्या माती परीक्षण अहवालात १ च्या आतली वाहकता सर्वसाधारण मानली जाते.

तक्त्याखाली पद्धत लिहिलेली नाही. लगेच दोष काढणं बरोबर नव्हतं, लेखकाने आकडे बदलून घेतलेले असू शकतात. परिशिष्ट उघडलं. तिथे पद्धत एकास अडीच अशी दिली आहे आणि प्रत्येक प्लॉटच्या मूळ नोंदीही छापल्यात. ओळीओळीने ताडून पाहिलं. मूळ नोंदीतले आकडे आणि तिसऱ्या प्रकरणातले आकडे हुबेहूब तेच. म्हणजे रूपांतर झालेलंच नाही, पातळ द्रावणाच्या आकड्याला घट्ट अर्काची सीमा लावली गेली आहे.

याचा परिणाम एका प्लॉटवर मांडून पाहिला. वाहकता १.६, शेरा "सर्वसाधारण". आपल्या भारी काळ्या मातीचा लगदा व्हायला शंभर ग्रॅमला ऐंशीच्या आसपास पाणी लागतं असं धरू. प्रयोगशाळेत अडीचशे घातलं, म्हणजे तिप्पट पातळ केलं. उलट हिशेब केला तर संपृक्त अर्कात ही वाहकता सुमारे ५ येईल. जमिनीत जिप्सम असेल तर जास्त पाण्यात ते जास्त विरघळतं, त्यामुळे खरा आकडा याहून कमी असू शकतो, ही मर्यादा परीक्षणातही लिहिली आहे. तरी ५ धरून चाललं तर? ऊस १.७ पर्यंत तग धरतो, त्यापुढे दर एककाला उत्पादन साधारण सहा टक्क्यांनी घसरतं, असं सर्वमान्य गणित आहे. म्हणजे ज्या रानाला पुस्तक सर्वसाधारण म्हणतंय, तिथे उसाचं उत्पादन वीसेक टक्क्यांनी मार खातंय. त्या शेतकऱ्याला "तुझं रान ठीक आहे" असं सांगणं मला पटण्यासारखं नाही.

हा दोष सापडल्यावर हात शिवशिवले. संपूर्ण पुस्तक "आकडेवारीच्या दृष्टीने अविश्वसनीय" असं एका फटक्यात लिहून मोकळं होता आलं असतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ सरांना दुपारी तक्ता दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, दोष खरा आहे. पण तो जातो कुठपर्यंत, ते बघितलं का?"

बघितलं, आणि उत्तराने मलाच समाधान दिलं. पाचव्या प्रकरणात पाईप घालण्याआधीची आणि नंतरची वाहकता आहे. दोन्ही वेळा त्याच पद्धतीने मोजलेली, त्याच प्लॉटातली, त्याच खोलीवरची. इथे सीमेचा प्रश्नच येत नाही. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा एकाच मापाने मोजलेत, तेव्हा क्षार कमी झाले हे सिद्ध होतं, सीमा चार धरा नाहीतर एक. तिसऱ्या प्रकरणातली प्रतवारी कोसळते, पण पाचव्यातला क्षार धुऊन गेल्याचा पुरावा उभा राहतो. हे दोन्ही परीक्षणात शेजारी शेजारी लिहिलं आहे, पान क्रमांकांसह.

पाचव्याच प्रकरणातला दुसरा दावा मात्र मला मान्य करता येत नाही. पाईप घातल्यावर एकरी टनेज कितीतरी वाढलं, असं तिथे म्हटलंय. तुलनेचं आधीचं वर्ष कोणतं घेतलंय? २०१९-२० चा गळीत हंगाम. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीत कुणाला सांगावा लागत नाही. कृष्णाकाठच्या रानातला ऊस दिवसचे दिवस पाण्याखाली होता, शेंडे कुजले. गावाचं नाव आणि परिशिष्टातले नकाशे पाहिले तर हे प्लॉट नदीकाठचे आहेत. त्या हंगामाच्या टनेजशी पुढची कोणतीही बरी वर्षं ताडली तरी वाढ दिसणारच, पाईप असो वा नसो. शेजारचा, पाईप न घातलेला एखादा प्लॉट सोबत मोजला असता तर प्रश्न सुटला असता. तो पुस्तकात नाही. महापुराचा उल्लेखही त्या प्रकरणात नाही.

इथे शब्द निवडायला वेळ लागला. "लेखकाने महापूर लपवला" असं लिहायला माझ्याकडे आधार नाही. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, पानावर काय आहे तेवढंच ठाऊक आहे. म्हणून लिहिलं: "तुलनेचं आधारवर्ष महापुराचं आहे आणि बिननिचऱ्याचा प्लॉट तुलनेला नाही. त्यामुळे टनेजमधल्या वाढीपैकी किती वाटा निचऱ्याचा, हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही." निचऱ्याने उत्पादन वाढत नाही असं हे वाक्य म्हणत नाही. माझा स्वतःचा अनुभव विचाराल तर वाढतं. पण परीक्षणात तपासायचा तो या पुस्तकाने दिलेला पुरावा.

एक परिच्छेद लिहून खोडला. जैविक निचरा, कडेने निलगिरीसारखी पाणी खेचणारी झाडं, यावर लेखकाने काहीच लिहिलं नाही, अशी तक्रार त्यात होती. प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ म्हटलंय की हे पुस्तक फक्त पाईपच्या निचऱ्याचं आहे. जे करायचं ते त्यांनी कबूलच केलं नव्हतं, त्याचा जाब कशाला? ती जागा चौथ्या प्रकरणाला दिली. पाईपची खोली, दोन ओळींतलं अंतर, उतार, पाईपभोवतीचं गाळणीचं कापड, गाळ साचून ओळ तुंबली की ते कुठल्या खड्ड्यात कसं ओळखायचं, हे इतक्या तपशिलाने मराठीत मी तरी वाचलेलं नाही. प्रत्यक्ष कामावर उभ्या राहिलेल्या माणसाचं लेखन आहे. "उत्तम प्रकरण" असं नुसतं लिहिलं असतं तर त्याला किंमत नव्हती. ओळ तुंबल्याची खूण सांगणारा परिच्छेद उद्धृत केला, म्हणजे ते का उत्तम ते वाचणाराच ठरवेल.

शेवटचा परिच्छेद वाचकांना उद्देशून आहे. निचऱ्याचं काम हाती घेणाऱ्या अभियंत्याने आणि पाणीपुरवठा संस्थेने दुसरं आणि चौथं प्रकरण जवळ ठेवावं. जमिनीची प्रतवारी करण्यासाठी तिसऱ्या प्रकरणातला तक्ता वापरू नये. वापरायचाच तर मूळ नोंदी परिशिष्टातून घेऊन एकास अडीचच्या सीमेने पुन्हा लावाव्यात. नोंदी छापण्याचा प्रामाणिकपणा लेखकाने दाखवला म्हणूनच हे शक्य आहे, तेही लिहिलं.

उद्या सकाळी पान क्रमांक पुन्हा एकदा ताडायचे. तक्ता आणि परिशिष्टातलं ते पान, दोन्हींचे फोटो परीक्षणासोबत संपादक बाईंना पाठवायचे, म्हणजे त्यांनाही पडताळता येईल आणि लेखकाकडून काही खुलासा मागवायचा असेल तर छापण्याआधीच मागवता येईल.