चार दिवसांची मुदत

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेतल्या सरांना मुदतवाढीसाठी लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा परवा जुन्या वहीत सापडला. ‘महोदय, काही तांत्रिक अडचणींमुळे आमचा प्रकल्प वेळेत पूर्ण होऊ शकला नाही’ हे त्यातले पहिले वाक्य वाचून सरांनी ते तिथेच परत केले होते आणि फक्त एवढेच विचारले होते, “अडचण कोणती, आणि दिवस किती?”

प्रकल्प साधा होता. शेतातला पंप मोबाइलवरून संदेश पाठवून चालू-बंद करायचा. त्यासाठी प्रोग्राम चालवणारा एक छोटा अर्डुइनो बोर्ड आणि सिमकार्ड घालून मोबाइल नेटवर्कला जोडणारे SIM800L हे जीएसएम मॉड्यूल. मॉड्यूलवरचा दिवा नेटवर्क शोधताना साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो आणि नेटवर्क मिळाले की तीन सेकंदांनी एकदा. आमचा दिवा मात्र त्या संथ लयीला पोहोचायच्या आतच विझायचा आणि पुन्हा पहिल्यापासून घाईने लुकलुकू लागायचा. आम्ही चार दिवस प्रोग्रामला दोष देत बसलो, कारण मल्टिमीटर निमूटपणे ४.० व्होल्ट दाखवत होता आणि मॉड्यूलला ३.४ ते ४.४ चालतात.

दुसरे पत्र लिहिण्याआधी सरांकडून व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप तासभर मागून घेतला, तेव्हा उलगडा झाला. नेटवर्कशी बोलताना हे मॉड्यूल सुमारे अर्ध्या मिलिसेकंदापुरता दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, आणि असा झटका दर ४.६ मिलिसेकंदांनी येतो. सरासरी दाखवणाऱ्या मल्टिमीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या लांब, बारीक जोडतारांचा आणि त्या नुसत्या खोचायच्या ब्रेडबोर्डचा रोध मिळून ०.४ ओहम धरला, तर त्या क्षणी ०.८ व्होल्ट वाटेतच गळतात आणि मॉड्यूलच्या पायाशी ३.२ उरतात. म्हणजे ते उपाशीपोटी बंद पडत होते.

मग पत्र आपोआप लिहून झाले. ‘ब्रेडबोर्ड सोडून सर्किट सोल्डर करण्यास एक दिवस, मॉड्यूलजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून ऑसिलोस्कोपवर पुन्हा मोजण्यास एक दिवस, आणि सलग शंभर संदेश पाठवून पाहण्यास दोन दिवस, अशी चार दिवसांची मुदत मिळावी, ही नम्र विनंती.’ पहिल्या पत्रातली अजिजी यात उरली नव्हती. आकडे असले की हात जोडावे लागत नाहीत, असे तेव्हा उगीचच वाटून गेले.

सरांनी सही केली आणि समासात पेन्सिलीने एक छोटे गणित मांडले: दोन अँपिअर, अर्धा मिलिसेकंद, १००० मायक्रोफॅरड, एकट्या कपॅसिटरवर सोडले तर एक व्होल्टची घसरण. त्याखाली लिहिले होते, ‘आधी तारा तोकड्या आणि जाड करा. तीन दिवस पुरतील.’