तारीख नसलेला रजेचा अर्ज

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या आस्थापना शाखेच्या आवक टपालात एका शिपाई काकांचा अर्ज आला. वहीच्या रेघी कागदावर लिहिले होते, ‘मा. साहेब, मला रजा पाहिजे आहे, तरी मंजूर व्हावी ही नम्र विनंती.’ खाली सही होती. रजा कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या प्रकारची आणि कशासाठी, यांपैकी काहीच नव्हते. ज्या शाखेत ते काम करतात तिच्या प्रमुखांमार्फत अर्ज यायला हवा होता, तर ती ‘मार्फत’ची ओळही नव्हती आणि शिफारसही नव्हती.

अशा अर्जावर शाखेत सहसा ‘त्रुटी, परत’ असा शेरा पडतो. शेजारच्या सहकाऱ्याने तो लिहायला पेनही उचलले होते. हा शेरा मला कधीच पटलेला नाही, कारण त्याने आपले टेबल मोकळे होते आणि समोरच्या माणसाला मात्र नेमके काय लिहायला हवे ते कळत नाही. मी अर्ज स्वतःकडे ठेवला आणि काकांना बोलावून घेतले. ते आले, पण चार माणसांसमोर काही बोलेनात. अभिलेख कक्षाकडे जाताना हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, मंडळींचं ऑपरेशन आहे. पिशवी काढायची आहे.”

पुढचे सगळे त्यानंतर उलगडले. गर्भाशयातल्या गाठींमुळे त्यांच्या पत्नीला अनेक महिने जास्त रक्तस्राव होत होता आणि हिमोग्लोबिन सातच्या आसपास उतरले होते. ते दहाच्या वर गेल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही, असे सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितले होते. शिरेतून लोहाची इंजेक्शने सुरू होती आणि दर आठवड्याला रक्त तपासले जात होते. तारीख रुग्णालयालाच ठाऊक नव्हती, मग काकांनी ती अर्जात कुठून लिहावी? कारण न लिहिण्याचे कारण आमच्याच कार्यालयात होते. आवक नोंदवहीतला ‘विषय’ हा रकाना येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो, आणि बायकोच्या अशा आजाराची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत जावी हे त्यांना नको होते. ‘मार्फत’ सुटण्याचे कारण तर आणखी साधे होते. त्यांच्या शाखाप्रमुखाचे पद रिक्त होते, अतिरिक्त कार्यभार असलेले अधिकारी आठवड्यातून एकदाच येत, आणि सही कोणाची घ्यायची हे काकांना कोणी सांगितलेच नव्हते.

मी त्यांचे रजेचे खाते काढले. १ जुलैला जमा झालेल्या १५ दिवसांसह पूर्ण पगाराची अर्जित रजा १७ दिवस शिल्लक होती, कारण मागच्या वर्षी वडिलांच्या आजारपणात बरीचशी संपली होती. अर्धवेतनी रजा ६४ दिवस होती आणि किरकोळ रजेचे तीन दिवस उरले होते. घरात दोन लहान मुले, आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पत्नीने वजन उचलायचे नाही, म्हणून काकांना जवळजवळ महिनाभर घरी राहणे भाग होते.

सल्ले लगेच आले. एकाने सुचवले, ‘आधी तीन किरकोळ टाक, मग बघू.’ हा सल्ला ऐकायला सोपा आहे, पण तोच सर्वांत जास्त अडचणीत आणतो. किरकोळ रजेला लागून अर्जित रजा घेता येत नाही, त्यामुळे दाखल होण्याचे पहिले तीन दिवस किरकोळ टाकून पुढे अर्जित रजा मागितली असती, तर ते तीन दिवसही मागाहून नियमित करत बसावे लागले असते, आणि हे कळेपर्यंत माणूस रुग्णालयात असतो. दुसरा सल्ला होता काकांनी स्वतःच्याच आजारपणाचा दाखला आणण्याचा. त्यावर अर्धवेतनी रजेचे रूपांतर होऊन परिवर्तित रजा मिळते आणि पगार पूर्ण मिळतो. कार्यालयाकार्यालयांतून हे सर्रास चालते आणि देणाऱ्या-घेणाऱ्या कोणालाच त्यात वावगे वाटत नाही. परंतु परिवर्तित रजा ही कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारासाठी आहे, पत्नीच्या नव्हे. आणि खोटा दाखला उघड झाला तर कारवाई चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यावर होते, सल्ला देणाऱ्यावर नाही.

तिसरा मार्ग मलाच सुचवला गेला: काकांची सही असलेला नवा अर्ज घ्यावा, तारखेची जागा कोरी ठेवावी आणि वेळ आली की मी ती भरावी. मी त्याला नकार दिला. रजेचा प्रकार बदलणे मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्याही हातात नसते. अधिकारी रजा नाकारू शकतात, पण मागितलेल्या रजेऐवजी दुसरी देऊ शकत नाहीत. जे साहेबांना करता येत नाही ते लिपिकाने कोऱ्या जागेत करायचे, ही कल्पनाच मला चुकीची वाटते, कारण त्या एका तारखेवर माणसाचा पगार ठरतो.

तो कसा ठरतो, हे काकांना समजावण्यासाठी मी दिनदर्शिका उघडली. आमच्याकडे २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. रजा सोमवारी सुरू करून चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी संपवली, आणि आधीचे व नंतरचे शनिवार-रविवार जोडण्याची परवानगी मागितली, तर रजा २६ दिवसांची होते. मधले शनिवार-रविवार मात्र रजेत धरले जातात. तीच मुदत त्यांनी स्वतःच्या अंदाजाने आधीच्या शनिवारपासून चौथ्या आठवड्यातल्या रविवारपर्यंत लिहिली असती, तर ३० दिवस खर्ची पडले असते. वाढलेले चारही दिवस अर्धवेतनी रजेतून गेले असते. बोटाने एकेक रविवार मोजत त्यांनी ते पडताळून पाहिले.

अतिरिक्त कार्यभार असलेले अधिकारी ज्या दिवशी आले, त्या दिवशी त्यांच्याकडून शिफारस घेतली. अर्जात कारण ‘पत्नीची नियोजित शस्त्रक्रिया’ एवढेच ठेवले आणि रुग्णालयाचा कागद बंद लिफाफ्यात साहेबांना दाखवला. टिपणीत मी स्पष्ट लिहिले की तारीख डॉक्टरांच्या निर्णयावर अवलंबून असून ती कळताच सुधारित अर्ज येईल, तोपर्यंत टपालाच्या कामासाठी बदली माणूस नेमून ठेवावा. साहेबांनी तत्त्वतः मान्यता दिली. जुलैच्या शेवटी हिमोग्लोबिन १०.४ झाले. त्या शुक्रवारी दुपारी काका नमुन्यातला अर्ज भरून घेऊन आले, या वेळी तारखा त्यांच्याच अक्षरात होत्या: १७ दिवस अर्जित, पुढे नऊ दिवस अर्धवेतनी, मागे-पुढे सुट्ट्या जोडून, मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह. संध्याकाळी आदेश निघाला.

ऑगस्टचा पगार कमी आला तेव्हा काका पुन्हा माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते, पण दाखला आणला असता तर हे नऊ दिवस पूर्ण पगारी झाले असते, हे त्यांना कोणीतरी पुन्हा ऐकवले होते. मी त्यांचे रजा खाते त्यांच्यासमोर ठेवले. परिवर्तित रजा घेतली असती तर त्या नऊ दिवसांसाठी खात्यातून १८ अर्धवेतनी दिवस वजा झाले असते आणि हजर होताना सक्षमतेचा दाखलाही द्यावा लागला असता; आता ६४ मधून नऊच गेले, ५५ शिल्लक आहेत. त्यांनी मान डोलावली. तरीही त्या महिन्यात औषधांचा खर्च होता, आणि पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी घरी थांबणाऱ्या पतीला पूर्ण पगारात बसवील अशी कोणतीही रजा, अर्जित संपल्यावर, मला रजेच्या नियमांत सापडली नाही.