फुकट सॅम्पलसाठी घातलेले एकवीस दिवस

शेंगदाण्याच्या चटणीसाठी झिपवाल्या पाऊचची पाच हजारांची ऑर्डर द्यायची होती. इंदूरलाच सांवेर रोडकडच्या एका कारखान्याचा भाव पटला. पण माल हातात घेऊन पाहिल्याशिवाय अॅडव्हान्स कसा द्यायचा? सॅम्पल मागितलं आणि तिथेच एकवीस दिवस गेले.

दर फोनला एकच प्रश्न, "मॅडम, क्वांटिटी कितनी?" आकडा सांगितला की "भिजवा देंगे", आणि पुन्हा आठवडाभर शांतता. फुकट सॅम्पल नेणारे बरेच जण परत फिरकत नाहीत, हे मलाही कळतं, पण तसं तोंडावर सांगावं ना! शेवटी मी सगळं लिहून पाठवलं: माल कोणता, तेल किती सुटतं, पॅक 250 ग्रॅमचा, दरमहा किती पाऊच लागतील, कुरिअरचा खर्च माझा. दोन दिवसांत पाकीट आलं. आत पाऊच किती? दोन! तेही पारदर्शक.

दोनात काय कळणार? एक सील करताना बिघडला की उरला एक. आणखी मागितले तर म्हणे ऑर्डरसोबत देऊ. मग चटणीचा डबा घेऊन मी स्वतःच गेले. तिथल्या सुपरवायझर काकांनी चिमूटभर चटणी बोटांत चोळली, बोटं तेलकट झाली. म्हणाले, "इसमें तो चाँदी वाली फिल्म लगेगी." उजेड आणि हवा लागली की शेंगदाण्याचं तेल खवट होतं, म्हणून. त्यांनी 100 मायक्रॉन जाडीचे पंचवीस पाऊच काढून दिले. हे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

छापील सॅम्पल मात्र फुकट मागू नका. छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. मी साधे पाऊच घेऊन वर स्टिकर लावते.

घरी बारा पाऊच भरले, झिपच्या वर हँड सीलरने सील केले, कारण नुसती झिप हवा पूर्ण अडवत नाही. वर्तमानपत्रावर आडवे ठेवून वर वजन ठेवलं. सील कच्चं असेल तर कागदावर तेलाचा डाग दिसतो. महिनाभर ठेवले, मगच ऑर्डरचं बोलले.

तेव्हा कोटेशनमध्ये 80 मायक्रॉन दिसलं. "सेम ही है" म्हणाले. मी कोरे दहा सॅम्पल पाऊच स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकत्र ठेवले: 88 ग्रॅम. त्याच मापाचा 80 मायक्रॉनचा पाऊच असता तर दहांचं वजन सत्तरच्या आसपास भरलं असतं. मायक्रॉन मोजायचं यंत्र घरी कुणाकडे असतं? काटा मात्र असतो. ऑर्डरवर 100 मायक्रॉन, चाँदी फिल्म असं लिहून घेतलं. एका सॅम्पलवर दोघांच्या सह्या केल्या आणि तो माझ्याकडे ठेवला.

माल आला त्या दिवशी तीन वेगवेगळ्या खोक्यांतून दहा-दहा पाऊच काढून मोजले. 88, 87, 88. मग उरलेलं पेमेंट केलं.